स्क्रीनशॉट की एक्सपोर्ट: दुकानदाराच्या चॅटची तारीखवार यादी कशातून काढायची

समजा पऱ्हाटीसाठी घेतलेला बॅटरीचा फवारणी पंप आठ दिवसात बंद पडला अन् दुकानदार व्हॉट्सॲपवर "पाहतो जी" म्हणत राहिला, मंग ग्राहक आयोगासाठी यादी कशातून काढायची?

स्क्रीनशॉटमध्ये चॅट जशीच्या तशी दिसते, बंद मोटरचा फोटो, निळ्या टिका सगळं, पण मेसेजजवळ फक्त वेळ असते, तारीख वरच्या पट्टीत एकदाच येते, ती कापली गेली की दिवसच कळत नाही, अन् ताज्या मेसेजवर तर Today नाहीतर Yesterday येते, सहा महिन्यांनी त्याचा काय उपयोग भाऊ!

Export chat केलं की प्रत्येक मेसेजला तारीख येते:

```
12/07/2025, 4:10 pm - दुकानदार: मोटर बदलून देतो
```

यातून तारीख, कोण बोललं, काय बोललं अशी यादी पटकन होते. पण ही साधी टेक्स्ट फाईल, कोणीही बदलू शकते, अन् नंबर सेव्ह असला तर फक्त नाव येते, म्हणून दुकानदार "हा मी नाहीच" म्हणू शकतो.

माझ्या मते यादी एक्सपोर्टवरूनच करा, अन् तक्रार, कबुली, नकार या मेसेजचे तारखेसकट स्क्रीनशॉट अन् नंबर दिसणारा एक स्क्रीनशॉट जोडा. मूळ चॅट फोनमधून उडवू नका, कारण डिजिटल पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र मागितलं जाऊ शकते. तक्रारीची मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं आहे, दुकानदाराच्या "पुढच्या आठवड्यात"वर ती थांबत नाही.