४ मे आणि ८ जून: दोन दरवाढी आणि काकांचे दहा लाख

एरंडवण्यातल्या आमच्या सोसायटीतले एक काका परवा जिन्यातच अडवून विचारत होते, "निवृत्तीचे दहा लाख पडून आहेत. गिल्ट फंडात टाकू की लिक्विडमध्ये? आणि रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणाआधी की नंतर?" गिल्ट फंड बहुतेक लांब मुदतीचे सरकारी रोखे घेतो, लिक्विड फंड अगदी थोड्या मुदतीचे. मी त्यांना २०२२ मधले दोन दिवस सांगितले.

४ मे. पुढची ठरलेली बैठक जूनमध्ये होती. तरी दुपारी दोनला गव्हर्नर शक्तिकांत दास अचानक बोलले आणि रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उधार देते तो, ४ वरून ४.४० टक्के झाला. बँकांनी रिझर्व्ह बँकेकडे ठेवायचं रोख राखीव प्रमाणही, म्हणजे सीआरआर, अर्ध्या टक्क्याने वाढलं. दहा वर्षांच्या सरकारी रोख्याचं यील्ड, म्हणजे बाजारभावाने घेतल्यास मिळणारा वार्षिक परतावा, त्याच दिवशी सुमारे पाव टक्का चढलं, सेन्सेक्स तेराशे अंकांनी आपटला. रोख्याची किंमत पडली की यील्ड चढतं.

८ जून. या वेळी वाढ त्याहून मोठी, अर्धा टक्का. यील्ड जवळपास जागच्या जागी, सेन्सेक्स दोनशेच्या आसपास खाली.

असं का? मधल्या महिन्यात बरंच आधीच कळलं होतं. दर ठरवणाऱ्या पतधोरण समितीच्या बैठकीचं इतिवृत्त चौदाव्या दिवशी जाहीर होतं. मे महिन्याचं १८ तारखेला आलं. त्यात प्रत्येक सदस्याचं मत स्वतंत्र छापलेलं असतं. तेव्हाचे सदस्य जयंत वर्मांनी लिहिलं होतं की दर लवकरच एक टक्क्याहून जास्त वाढवावे लागतील. पाठोपाठ गव्हर्नरांनीही मुलाखतीत जूनची वाढ जवळपास गृहीत धरायला सांगितली. रोखे विकणाऱ्यांनी तेव्हाच विकले. आठ तारखेला विकायला उरलं काय?

हे काकांच्या पैशांत मोजू. गिल्ट फंडाचा ड्युरेशन, म्हणजे यील्ड एक टक्का हललं तर किंमत साधारण किती टक्के हलते याचं माप, सात वर्षं धरला, तर यील्ड पाव टक्का चढताच किंमत पावणेदोन टक्के पडते. दहा लाखांवर साडेसतरा हजार, एका दुपारी. लिक्विड फंडातल्या रोख्यांचे पैसे महिन्या-दोन महिन्यांत परत येतात, तिथे फटका काहीशे रुपयांचा.

तुलना अगदी चोख नाही, हे मान्य. मेमध्ये सीआरआरचा वेगळा धक्का होता, जूनमध्ये तो नव्हता. शिवाय ८ जूनला शांतता दिसली म्हणून नुकसान टळलं असंही नाही. ते मेच्या मध्यापासून हळूहळू झालं. त्यामुळे 'पतधोरण झाल्यावर टाकतो' हा हिशेब मला पटत नाही. अपेक्षित निर्णय त्या दिवशीच्या किमतीत आधीच असतो, आणि अनपेक्षित निर्णयाची तारीख कुणी सांगत नाही.

म्हणून मी तारखेऐवजी गरज विचारली. काकांना दीड वर्षात मुलीच्या फ्लॅटसाठी पैसे लागणार आहेत. मग गिल्ट नकोच. सात-आठ वर्षं हात लावायचा नसता, तर ४ मेसारखी दुपार सोसता आली असती, कारण चढलेल्या यील्डवर पुढे व्याजही जास्त मिळतं.

काका म्हणाले, "म्हणजे इतिवृत्त वाचू नको?" वाचा की. मतं फुटलेली आहेत का, तेवढं बघा.