शेजाऱ्यांना रात्रीच्या आवाजाबद्दल सांगायचंय: चिठ्ठी, पर्सनल मेसेज की ग्रुप?

शेजारी दर शनिवारी माणसं जमतात, रात्री एक-दीडपर्यंत चालतं, सांगायचं तर आहे पण रोज तोंड बघायचंय म्हणून संबंधही बिघडवायचे नाहीत, असे जे अडकलेत त्यांच्यासाठी लिहितेय. आम्ही इंदूरला सुदामा नगरात राहतो, भिंतीला भिंत लागून घरं आहेत, आणि सासऱ्यांची खोली शेजारच्या हॉलला लागून. त्यांची बायपास झालीये, नऊ-साडेनऊला पडतात. शेजारचे दादा-वहिनी माणसं म्हणून खरंच चांगली आहेत, पण त्यांच्याकडे सगळे सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, खाऊन मग घरी येतात, म्हणजे बैठक सुरूच होते अकराला.

आधी ग्रुपचं सांगते कारण सगळ्यात पहिले तेच सुचतं. कॉलनीच्या ग्रुपवर "कृपया रात्री आवाज कमी ठेवावा" असं नाव न घेता टाकलं की कोणाबद्दल आहे ते सगळ्यांना कळतंच, मग चार जण अंगठे दाखवतात, पाचवा पार्किंगचं जुनं भांडण काढतो, आणि ज्यांना सांगायचं ते चारचौघांत अपमान झाला म्हणून गप्प बसतात. ते शेजारी पुढे ऐकतील असं मला तरी वाटत नाही. बिननावाची चिठ्ठी दारात सरकवणं तर त्याहून वाईट, ते आजूबाजूच्या प्रत्येक घरावर संशय घेतात.

खरी निवड पर्सनल व्हॉट्सअ‍ॅप आणि हाताने दिलेली चिठ्ठी या दोनातच आहे. मेसेज सोपा पडतो, पण आपण तो लिहितो रात्री साडेबाराला, डोकं तापलेलं असताना, आणि समोरच्याचा फोन तेव्हा गाण्यालाच जोडलेला असतो, वाचला तरी पाहुण्यांसमोर वाचला जातो. चिठ्ठीत हे होत नाही कारण ती दुसऱ्या दिवशीच देता येते. मी रविवारी दिली, तीही सकाळी पोह्यांच्या वेळेला नाही, अकराच्या सुमारास, उशिरा झोपलेला माणूस उठून चहा पिऊन झाल्यावर. वहिनींच्या हातात दिली, दोन मिनिटं बोलले, आणि देण्याआधी तारखेसकट फोटो काढून ठेवला, पुढे तक्रारीची वेळ आलीच तर आपण आधी नीट सांगितलं होतं हे दाखवता येतं. मेसेजचा उपयोग नंतर आहे, तो खाली सांगते.

पण चिठ्ठी की मेसेज यापेक्षा आत काय लिहायचं हे जास्त महत्त्वाचं, आणि त्यासाठी आधी आवाज कुठून येतोय ते बघा. खिडकी बंद केल्यावर कमी झाला तर तो हवेतून येतोय, म्हणजे ओट्यावरच्या किंवा गच्चीवरच्या गप्पा आणि हसणं. खिडकी लावूनही धप-धप तशीच राहिली आणि भिंतीवर तळवा ठेवल्यावर हाताला जाणवली तर तो स्पीकरचा बेस आहे. बारीक आवाज भिंत बराच अडवते, जाड आवाज तिच्यातून पार जातो, त्यात स्पीकर भिंतीला टेकवलेला असला की भिंतच हलते. समोरच्यांना त्यांच्या हॉलमध्ये "व्हॉल्यूम तर कमीच आहे" असं अगदी प्रामाणिकपणे वाटत असतं. आमच्याकडे दोन्ही होतं, म्हणून मागण्या दोनच केल्या, एकेका आवाजासाठी एक.

माझा पहिला मसुदा असा होता: "तुमच्या घरच्या कार्यक्रमांमुळे सगळ्या लेनला त्रास होतो, आम्हाला तसा काही प्रॉब्लेम नाही पण थोडं लक्ष द्यावं ही विनंती." मिस्टरांनी वाचून बाजूला ठेवला आणि बरोबर केलं. "सगळी लेन" म्हटलं की पहिला प्रश्न येतो "कोण कोण?", आणि त्याचं उत्तर देणं आपल्या हातात नाही. "काही प्रॉब्लेम नाही" म्हटलं तर मग चिठ्ठी कशाला? आणि "थोडं लक्ष द्या" म्हणजे नक्की किती वाजता काय करायचं हे वाचणाऱ्याला कळतच नाही, त्याला वाटतं अर्धा पॉइंट आवाज कमी केला म्हणजे झालं.

दुसरा, जो दिला, तो असा:

"दादा, वहिनी, नमस्कार. बाबांची खोली आणि तुमचा हॉल यांच्यामध्ये एकच भिंत आहे. शनिवारी स्पीकर लागतो तेव्हा गाण्याचा ठेका त्यांच्या पलंगापर्यंत येतो, मागचे दोन शनिवार ते एक वाजेपर्यंत जागे होते. दोन गोष्टी कराल का? रात्री दहानंतर स्पीकर बंद ठेवाल, आणि साडेदहानंतर ओट्याऐवजी आत बसाल. आत बसून गप्पा चालल्या तर बाबांना त्रास होत नाही. कधी आवाज जास्तच झाला तर मी एक मेसेज टाकला तर चालेल ना? आमच्याकडून कशाचा त्रास होत असेल तर तुम्हीही नक्की सांगा."

खाली नाव आणि नंबर. यात आधी कारण आहे, मग वेळ, मग नेमकं काय करायचं, आणि काय चालेल तेही. इंदूरात शनिवारी रात्री दहाला माणसं उठवा म्हणणं कोणी पाळणार नाही, म्हणून गाणी आणि गप्पा वेगळ्या केल्या. शेजारी हिंदीभाषिक असतील तर चिठ्ठी भैया-भाभी करून हिंदीतच लिहा, त्यांच्याच भाषेत वाचलं की विनंती विनंतीसारखी वाटते.

कायदा चिठ्ठीत घालायचा का? पहिल्या चिठ्ठीत नको. पण आपल्याला माहीत असावा: 2000 च्या ध्वनी प्रदूषण नियमांत रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6, रहिवासी भागाची मर्यादा रात्री 45 डेसिबल, आणि खासगी म्युझिक सिस्टिमचा आवाज घराच्या हद्दीवर त्या मर्यादेपेक्षा 5 डेसिबलहून जास्त जाता कामा नये. मध्य प्रदेशात 1985 चा कोलाहल नियंत्रण अधिनियमही आहे. मी दहाची वेळ मागितली ती यामुळेच, आपण मनाने काढलेली वेळ नाही ही. मोबाईल अ‍ॅपचा आकडा मात्र लिहू नका, प्रत्येक फोनचा माइक वेगळा, त्यांच्या फोनवर दुसराच आकडा येईल आणि मूळ मुद्दा राहील बाजूला.

वहिनींनी चिठ्ठी तिथेच वाचली आणि मला आत नेऊन स्पीकर दाखवला, खरंच आमच्या भिंतीच्या फळीवर होता. त्याच आठवड्यात तो समोरच्या बाजूला गेला. त्यानंतर सहा शनिवार झाले, पाच शांत गेले. एकदा पावणेबाराला गाणी सुरू झाली, तेव्हा "वहिनी, बाबा जागे झालेत" एवढाच मेसेज टाकला आणि दहा मिनिटांत बंद झालं. आधी विचारून ठेवलं होतं म्हणून तो मेसेज खुपला नाही, विचारल्याशिवाय टाकला असता तर तोच टोमणा वाटला असता.

एक राहिलंय, गेटवरचा निरोप. पाहुणे गाडीला किल्ली लावून वीस मिनिटं बोलतात, दरवाजे आपटतात, जाताना हॉर्न देतात, आणि बाबांची खिडकी तिकडेच आहे. याची दुसरी चिठ्ठी देणार नाहीये, दोन महिन्यांत दुसरा कागद आला की तो नोटिशीसारखा वाटतो. वहिनी संध्याकाळी ओट्यावर भाजी निवडत बसतात, तेव्हा जाऊन तोंडीच सांगेन.