नवरदेवाचे केस आणि दाढी: सगळं आदल्या संध्याकाळी, की दिवस वाटून?

समारंभाच्या आदल्या संध्याकाळी खुर्चीत बसायचं, केस, कल्ले, दाढी सगळं एका बैठकीत उरकायचं आणि मोकळं व्हायचं, ही एक पद्धत. दुसरी म्हणजे केस आठवडाभर आधी कापायचे, दाढीचा आकार आदल्या दिवशी नीट करायचा आणि ब्लेड लावायचंच असेल तर वेगळी वेळ ठरवायची. पहिलीत धावपळ कमी आहे, तरीही बहुतेकांसाठी मी दुसरीच सुचवेन. केस कापल्यावर ते काही दिवस सुधारत जातात, दाढीची रेघ दोन दिवसांत बिघडते आणि गुळगुळीत गालाचं आयुष्य काही तासांचंच असतं. तिन्हींना एकच दिवस सोयीचा पडणं कठीण आहे.

सगळं गणित एका आकड्यावर चालतं. डोक्याचे केस आणि दाढी, दोन्ही दिवसाला साधारण 0.3 ते 0.4 मिलिमीटर वाढतात. म्हणजे आठवड्याला अडीच मिलिमीटरच्या आसपास.

आता केसांकडे बघा. वरचे केस पाच-सहा सेंटिमीटर लांब असतील आणि कात्रीने कापले असतील, तर अडीच मिलिमीटर वाढ कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. उलट त्या आठवड्यात कापल्याच्या कडा मऊ होतात आणि भोवऱ्यापाशी उभे राहिलेले केस कुठे बसतात ते कळतं. एखादी बाजू जड राहिली असेल तर ती दुरुस्त करायला वेळही हातात असतो. म्हणून कात्रीच्या कटिंगला 7 ते 10 दिवस आधीची वेळ उत्तम. बाजूंचे केस खालून वर हळूहळू लांब होत जातात त्या कटिंगचं, म्हणजे फेडचं, मात्र वेगळं आहे. कानाजवळ 1 मिलिमीटरवर आणलेले केस आठवड्यात साडेतीनवर जातात, म्हणजे तिपटीहून अधिक, आणि फेडचा उतारच दिसेनासा होतो. फेड हवा असेल तर दोन दिवस आधी किंवा आदल्या दिवशी. मधला मार्गही चांगला आहे: मुख्य कटिंग आठवडाभर आधी आणि मान, कान, कल्ले यांची साफसफाई आदल्या दिवशी. हे दुसरं काम लहान असतं, त्यात बिघडण्यासारखं फारसं नसतं.

नवी स्टाईल करून बघायची असेल तर हे दोन्ही पर्याय विसरा. ती दोन महिने आधी करून बघावी, म्हणजे आवडली नाही तर परत वाढायला जागा राहते. केसांना रंग लावणार असाल तर कातडीवर थोडासा लावून 48 तास वाट बघण्याची चाचणी आधी उरका आणि रंग समारंभाच्या चार-पाच दिवस आधी लावा, म्हणजे कपाळावर आणि कानांवर आलेले डाग तोवर जातात.

दाढी ठेवणाऱ्याने लांबी आणि रेघ या दोन गोष्टी वेगळ्या धराव्यात. 10 मिलिमीटर दाढीला एक-दोन दिवसांची वाढ जाणवत नाही, पण गालावर आणि गळ्यावर जिथे रेघ मारून कातडी मोकळी केली आहे, तिथे दुसऱ्याच दिवशी काळे ठिपके उगवतात. म्हणून आकार 7-10 दिवस आधी ठरवून घ्यावा, तोही थोडा मोठा ठेवून, आणि रेघा आदल्या दिवशी काढाव्यात. न्हाव्याला ‘थोडी कमी कर’ एवढंच सांगून थांबू नका, मिलिमीटरचा आकडा सांगा. ओल्या दाढीवर ट्रिमर चालवू देऊ नका, कारण ओले केस ताणून लांब दिसतात आणि वाळल्यावर दाढी ठरवल्यापेक्षा तोकडी निघते.

खुंट ठेवायचे ठरले असेल तर उलटं मोजत जायचं. 3 मिलिमीटर हवे असतील तर ब्लेड नऊ-दहा दिवस आधी थांबलं पाहिजे, आणि दोन दिवस जास्तीचे हाताशी ठेवले तर बरं, कारण गालावर दाढी हनुवटीपेक्षा विरळ आणि मंद वाढलेली असू शकते. तीन दिवस दाढी न करता खुंट येतील असं समजणाऱ्याला जेमतेम 1 मिलिमीटर मिळतो. तो दाढी ठेवल्यासारखा दिसत नाही, दाढी करायची राहून गेल्यासारखा दिसतो.

आता खरा प्रश्न ब्लेडचा. सकाळी दाढी करावी की आदल्या संध्याकाळी? संध्याकाळी सातला केलेली दाढी दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला साधारण पाव मिलिमीटर वाढलेली असते. काळ्या, दाट दाढीत हनुवटीखाली तेवढी सावली दिसते. गुळगुळीत गाल हवे असतील तर सकाळच योग्य. पण सकाळ निवडण्याआधी आपल्या कातडीचा स्वभाव माहीत हवा, आणि इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते.

पहिली म्हणजे ब्लेडची जळजळ. ही लगेच येते. पट्ट्यासारखी पसरट लाली उठते, हात लावला की चुरचुरतं. कुणाची तासाभरात उतरते, कुणाची दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळते. दुसरी म्हणजे आत वळलेले केस. कुरळा किंवा टोकाशी वळणारा केस कापला गेला की त्याचं अणकुचीदार टोक वाढताना परत कातडीत शिरतं आणि तिथे गाठ येते. ही गाठ दाढीनंतर लगेच दिसत नाही, एक-दोन दिवसांनी उठते, बहुतेकदा जबड्याखाली आणि गळ्यावर. निरखून पाहिलं तर मध्ये काळा केस दिसतो.

या फरकावरच वेळ ठरते. जळजळ होणाऱ्याने दाढी आदल्या संध्याकाळी करावी आणि सकाळी चेहऱ्याला ब्लेड लावू नये. हलकीशी सावली लालीपेक्षा बरी दिसते. गाठी येणाऱ्याची भीती मात्र समारंभाच्या सकाळच्या दाढीत नसते. त्या दिवशी दिसणाऱ्या गाठी दोन-तीन दिवस आधीच्या दाढीच्या असतात, आणि सकाळी त्यांच्यावरूनच ब्लेड फिरलं की त्या कापल्या जाऊन रक्ताळतात. अशा माणसाने नेहमीच्या सवयीने आठवडाभर दाढी करत राहणं हीच मोठी चूक. जुन्या गाठी बसायला ब्लेड पूर्ण थांबवून तीन-चार आठवडे द्यावे लागतात. तेवढा वेळ नसेल तर खुंट किंवा छोटी दाढी हाच सुरक्षित पर्याय. पिवळ्या तोंडाच्या पुटकुळ्या पुष्कळ दिसत असतील तर तो केसांच्या मुळांचा संसर्ग असू शकतो. त्या फोडू नका, डॉक्टरांना दाखवा.

पूर्ण दाढी ठेवणाऱ्याला समारंभासाठी ती काढायची असेल, तर आदली संध्याकाळ हा सगळ्यांत वाईट मुहूर्त. झाकलेली कातडी गालाच्या वरच्या भागापेक्षा फिकी निघते आणि ब्लेडची सवय नसल्याने चटकन लाल होते. हे काम दोन-तीन आठवडे आधी करून रंग आणि कातडी दोन्ही सावरू द्यावीत.

एक उदाहरण पूर्ण मांडतो. समारंभ शनिवारी सकाळी अकराला आहे. वरचे केस पाच-सहा सेंटिमीटर, बाजूंना 9 मिलिमीटरची मशीन. नवरदेव आठवड्यातून दोनदा दाढी करतो आणि एक-दोन दिवसांनी जबड्याखाली गाठी येतात. त्याला 3 मिलिमीटरची छोटी दाढी हवी आहे. तो शेवटचं ब्लेड बारा दिवस आधी, सोमवारी लावतो. शुक्रवार संध्याकाळपर्यंत दाढी चार मिलिमीटरच्या आसपास पोहोचते, तीनवर सपाट करायला पुरेशी. केस नऊ दिवस आधी, गुरुवारी कापतो. शनिवारपर्यंत बाजू 12 मिलिमीटरवर जातील, म्हणून पुढच्या गुरुवारी बाजूंवर मशीन पुन्हा फिरते, वरचे केस तसेच राहतात. शुक्रवारी संध्याकाळी दाढी 3 मिलिमीटरवर आणली जाते, गालाची रेघ ब्लेडने मारली जाते. गळ्यावर कंठाच्या उंचवट्याच्या दोन बोटं वर दाढी संपते आणि त्याखालचे केस ब्लेडऐवजी कंगवा काढलेल्या ट्रिमरने साफ होतात. ट्रिमर केस कातडीच्या पातळीखाली कापत नाही, त्यामुळे तिथे गाठी येण्याचा धोका कमी राहतो. शनिवारी सकाळी फक्त विंचरणं आणि एखादा चुकार केस कात्रीने.

हाच माणूस सगळं शुक्रवारी संध्याकाळी उरकून गुळगुळीत दाढी करून बसला असता तर? शनिवारी सकाळी कदाचित काहीच दिसलं नसतं. गाठी रविवारी उठल्या असत्या. समारंभ एका दिवसाचा असेल तर हा सौदा पटण्यासारखा आहे, दोन-तीन दिवस कार्यक्रम आणि फोटो असतील तर मुळीच नाही.

आदल्या संध्याकाळची एकच बैठक कुणाला चालते, हेही सांगायला हवं. ज्याचे केस सरळ आहेत, जो रोज दाढी करतो, ज्याची कातडी कुरकुरत नाही आणि जो त्याच न्हाव्याकडून तीच कटिंग करून घेतो, त्याने खुशाल एकाच वेळी सगळं करावं. बाकीच्यांनी महिनाभर आधी एकदा अगदी तशीच दाढी करून पुढचे तीन दिवस गळा आरशात बघावा. लाली कधी उतरली, गाठी कुठे आल्या, सावली किती वाजता दिसू लागली, याची उत्तरं मिळाली की कुणाच्या सल्ल्याची गरज उरत नाही.

सकाळी दाढी करायचीच असेल तर ती आंघोळीनंतर करा. कोमट पाण्याने दोन-तीन मिनिटं भिजलेला केस मऊ होतो आणि ओढला जात नाही. ब्लेड नवं, पण नेहमीच्याच प्रकारचं. पहिला हात सुलट, गरज पडली तर दुसरा आडवा, उलटा हात नको. कातडी ताणून धरू नका आणि अनेक पात्यांच्या रेझरवर दाब देऊ नका, कारण तो केस ओढून पातळीखाली कापतो. कपडे चढवण्याआधी दोन तास मोकळे ठेवा. बारीक चिरही बराच वेळ रक्त सांडू शकते. स्वच्छ कापड सलग पाच मिनिटं दाबून धरा, मध्ये उचलून बघू नका. नवीन क्रीम किंवा झोंबणारं आफ्टरशेव्ह त्या दिवशी पहिल्यांदा वापरू नका.

आणि ऐन सकाळी गळ्यावर गाठ दिसलीच, तर तिच्यावरून ब्लेड फिरवू नका, पिळू नका. थंड पाण्यात बुडवून पिळलेलं कापड दहा मिनिटं ठेवा, भोवतीचे खुंट ट्रिमरने सारखे करा आणि ती जागा तशीच सोडा.