दुसऱ्या नोकरीचा संशय: लगेच काढायचं की आधी नोटीस?

आमच्या टीममधला एक जण आठवड्यातून तीन दिवस दुपारी 3 ते 5 गायब, कॅमेरा बंद, आणि पीएफ तपासताना त्याच्या यूएएनवर, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या पीएफ नंबरवर, दोन कंपन्या दिसल्या. मॅनेजर म्हणाला आजच काढ. काम लगेच मिटतं हे खरं, पण नुसत्या यूएएनवर काढणं मला पटत नाही, कारण जुन्या कंपनीने एक्झिट डेट टाकलीच नसेल तर ती नोकरी चालूच दिसते. म्हणून पीएफचं पासबुक मागा आणि त्यात पैसे भरल्याची तारीख नको, पगाराचा महिना बघा, दोन्हीकडे तेच महिने सलग दिसले तरच शंका पक्की.

दुसरा रस्ता शो कॉज नोटीसचा, त्यात तारखा, चुकलेल्या मीटिंग, करारातलं कलम लिहायचं आणि उत्तराला 7 दिवस द्यायचे. वेळ जातो, तोवर क्लायंटच्या डेटाचा अ‍ॅक्सेस कमी करावा लागतो, पण प्रकरण लेबर कोर्टात गेलं तर हेच कागद कामी येतात. आमच्या माणसाने उत्तरात जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर जोडलं, दुपारी तो वडिलांना डायलिसिसला नेत होता. मी तरी नोटीसच पाठवेन, फक्त प्रतिस्पर्ध्याला डेटा गेल्याचा पुरावा हातात असेल तर त्याच दिवशी सस्पेंड करून चौकशी लावेन.