मीटरवर ११ टक्के, पोटात २४: ‘भट्टीत वाळवलेलं’ म्हणून ओलं लाकूड विकतात ते असं

एका जेवणाच्या टेबलासाठी मी ॲशच्या ५० मिलिमीटर जाडीच्या फळ्या घेतल्या. वखारवाल्याने माल भट्टीत वाळवलेला असल्याचं सांगितलं. माझ्यासमोर मॉइश्चर मीटरच्या दोन सुया फळीत टोचल्या आणि ११ टक्क्यांचा आकडा दाखवला. बिलावर ‘किल्न ड्राय’ असंही लिहून दिलं. टेबल तयार होऊन ग्राहकाच्या घरी गेलं आणि काही आठवड्यांतच त्याचा वरचा भाग लाटांसारखा वर-खाली झाला. मग एका टोकाकडून तडा गेला आणि तो दर आठवड्याला थोडा थोडा पुढे सरकू लागला.

तक्रार घेऊन गेलो तर ठरलेलं उत्तर मिळालं. “अहो, लाकूड आहे ते, हलणारच. तुमच्या ग्राहकाच्या घरची हवा कोरडी असेल.” हे उत्तर अर्धं खरं असतं, म्हणूनच त्यावर वाद घालणं अवघड जातं. लाकूड हवेनुसार हलतं हे खरंच आहे. पण किती हलतं, याला हिशेब आहे आणि त्याच हिशेबात ही फसवणूक उघडी पडते.

ताज्या कापलेल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं. काही पेशींच्या पोकळीत मोकळं असतं, तर काही पेशींच्या भिंतींत मुरलेलं असतं. लाकूड वाळायला लागलं की आधी मोकळं पाणी जातं. त्या काळात फळीचं वजन झपाट्याने उतरतं, पण तिचं माप बदलत नाही. ओलावा साधारण ३० टक्क्यांवर आला की मोकळं पाणी संपतं आणि भिंतींतलं पाणी जायला लागतं. लाकूड आक्रसायला लागतं ते इथून पुढे. म्हणूनच वखारीत रचलेली ओली फळी अगदी सरळ दिसते. मला विकलेल्या फळ्याही सुतासारख्या सरळ होत्या. फळी सरळ आहे म्हणजे ती वाळलेली आहे, असं मुळीच नाही. पुष्कळदा ती अजून वाकायच्या वेळेला पोचलेलीच नसते.

लाकूड सगळ्या दिशांना सारखं आक्रसत नाही, वाकण्याचं मूळ त्यात आहे. पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत ॲश वार्षिक वलयांच्या दिशेने सुमारे ७.८ टक्के आक्रसतं आणि वलयांना आडवं, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे, सुमारे ४.९ टक्के. लांबीत ते जवळपास नसल्यासारखंच असतं, टक्क्याच्या दहाव्या-पाचव्या हिश्शाएवढं. ओंडका सरळ एकामागून एक फळ्या पाडत कापला तर बहुतेक फळ्यांच्या सालीकडच्या बाजूला वलयं जास्त आडवी पडतात. ती बाजू जास्त आक्रसते आणि फळी त्या बाजूने पन्हाळीसारखी खोलगट होते. रेषा तिरक्या गेलेल्या असतील तर फळीला पीळही पडतो. हे सगळं झाडाच्या स्वभावातच आहे, त्याला कुणाचा इलाज नाही. आपल्या हातात एकच गोष्ट असते. हे आक्रसणं फर्निचर होण्याआधी, फळी मोकळी असताना उरकून घ्यायचं. सीझनिंग म्हणतात ते यालाच.

आता त्या ११ टक्क्यांकडे येतो. हातात मावणाऱ्या साध्या मीटरच्या सुया जेमतेम ५ ते ८ मिलिमीटर आत जातात. दोन सुयांमधून वीज किती सहज वाहते यावरून मीटर ओलावा सांगतो, आणि तोही सुया जिथवर पोचल्या तिथलाच. ५० मिलिमीटरच्या फळीचं पोट २५ मिलिमीटरवर असतं, तिथली खबर त्याला लागत नाही. वखारीतल्याच एका माणसाकडून मला नंतर कळलं की ताजा माल गरम शेडमध्ये थोडे दिवस उभा करतात, वरचा पापुद्रा कोरडा झाला की हलका रंधा मारतात आणि ‘वाळलेला’ म्हणून थप्पीला लावतात. म्हणजे मीटर खोटं बोलत नव्हता. त्याला जिथलं विचारलं तिथलं तो खरं सांगत होता, आणि कुठलं विचारायचं हे विकणाऱ्याला चांगलं माहीत होतं. याला मी निष्काळजीपणा म्हणणार नाही, ही ठरवून केलेली लबाडी आहे.

त्याच खेपेतली एक फळी माझ्याकडे न कापता उरली होती. ती टोकापासून हातभर आत आडवी कापली. टोकाचा भाग मुद्दामच सोडायचा असतो, कारण लाकूड टोकाकडून सगळ्यात लवकर सुकतं आणि तिथला आकडा फसवा येतो. कापलेल्या जागेवरून बोटभर जाडीची चकती काढली. तिचा बाहेरचा थर आणि मधला भाग वेगळे केले आणि दोन्ही लगेच तोलले. मग १०३ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवून, वजन उतरायचं थांबेपर्यंत पुन्हा पुन्हा तोलले. मधला तुकडा १८६ ग्रॅमचा १५० ग्रॅम झाला. गेलेलं पाणी ३६ ग्रॅम, त्याला कोरड्या वजनाने, म्हणजे १५० ने भागलं की २४ टक्के. बाहेरचा थर ११३ ग्रॅमवरून १०० ग्रॅमवर आला, म्हणजे १३ टक्के. एकाच फळीत, दोन बोटांच्या अंतरात, ११ टक्क्यांचा फरक. भट्टीत नीट वाळवलेल्या फळीत पोट आणि पाठ यांच्यात एवढी तफावत राहतच नाही. शेवटी ओलावा सगळीकडे सारखा व्हावा म्हणून माल भट्टीत मुद्दाम काही काळ जास्त ठेवतात.

टेबलाचा वरचा भाग ९०० मिलिमीटर रुंद होता. फळ्यांचा सरासरी ओलावा २० टक्के धरला आणि घरात तो ११ वर येऊन स्थिरावणार असं धरलं, तर ९ टक्क्यांची घट होते. ३० टक्क्यांच्या घटीत ७.८ टक्के आक्रसणं, तर ९ च्या घटीत सुमारे २.३ टक्के. ९०० मिलिमीटरवर ते २१ मिलिमीटर भरतं. टॉप खालच्या चौकटीला मी लांबट खाचांतून स्क्रूने बसवला होता, म्हणजे हवेप्रमाणे पाच-सहा मिलिमीटर इकडे-तिकडे सरकायला जागा होती. लाकूड खरोखर १३ टक्क्यांवर असतं तर ११ वर येताना ते पाच मिलिमीटरच्या आत आक्रसलं असतं आणि त्या खाचांत आरामात मावलं असतं. २१ मिलिमीटर मावणार कुठून? स्क्रू खाचेच्या टोकाला जाऊन टेकले, टॉप जागीच अडकला आणि आक्रसायची ओढ तड्यावाटे बाहेर पडली. कोरडी हवा कोरड्या लाकडाला एवढा मार देत नाही. आत दडवलेल्या पाण्याचं हे काम आहे.

लाटा का आल्या, हे जाड माल घेणाऱ्याने नीट समजून घ्यावं. ५० मिलिमीटरची फळी मधोमध उभी फाडून तिच्या दोन पातळ फळ्या केल्या होत्या. अशी फळी फाडली की प्रत्येक अर्ध्याची एक बाजू जुनी, कोरडी असते आणि दुसरी नुकती उघडी पडलेली, ओली. फाडल्यावर रंधा मारून सपाट केली तर त्या दिवशी ती सपाटच दिसते. मग ओली बाजू सुकते, आक्रसते आणि फळी त्या बाजूने खोलगट होते. माझ्या टेबलात काही फळ्यांची ओली बाजू वर होती, काहींची खाली, म्हणून एक फळी वर आली तर शेजारची खाली बसली. फाडणीचं काम मी बाहेरून करून घेतलं होतं. तुम्हाला जमलं तर फाडणीला स्वतः उभे राहा. मधून येणारा भुसा मुठीत दाबून बघा. थंड लागला, गोळा झाला, तर काम तिथेच थांबवा.

विकत घेताना मी आता एकच गोष्ट मागतो. खेपेतली माझ्या पसंतीची एक फळी मधोमध आडवी कापायची आणि ताज्या कापाच्या मध्यावर मीटर लावायचा. कापलेल्या टोकावर आकडा अगदी काटेकोर येत नाही, पण कड आणि मध्य यांतला फरक लपत नाही. मीटर त्या जातीच्या लाकडासाठी लावलेला आहे ना, हेही पाहतो. कापलेल्या फळीचे पैसे मी देतो, त्यामुळे नाही म्हणायला कारण उरत नाही. तरीही जो नाही म्हणतो, त्याच्याकडून मी माल उचलत नाही. बिलावर नुसतं ‘किल्न ड्राय’ चालवून घेऊ नका. ‘फळीच्या मध्यावर ओलावा अमुक टक्क्यांच्या आत, माल उतरवताना कापून तपासणार’ असं लिहून घ्या. भट्टीतून निघालेला माल उघड्यावर भिजला तर पुन्हा ओला होतो, म्हणून तपासणी माल हातात येताना व्हायला हवी.

ताजा माल घ्यायचाच असेल तर ताजा म्हणून, ताज्याच्या भावाने घ्या आणि स्वतः वाळवा. टोकांना लगेच मेण किंवा जाड रंग लावा, नाहीतर ती आधी सुकून चिरतात. थप्पी जमिनीपासून उंच, सपाट आधारांवर, सावलीत आणि वाऱ्यात रचा. दोन थरांमध्ये सारख्या जाडीच्या, सुमारे २५ मिलिमीटरच्या कोरड्या पट्ट्या दीड-दोन फुटांवर ठेवा. प्रत्येक थरातली पट्टी खालच्या पट्टीच्या बरोबर वर आली पाहिजे. ती सरकलेली असेल तर फळी तिथेच वाकते आणि तशीच वाळते. वरच्या थरावर वजन ठेवा. हवेवर वाळायला दर इंच जाडीला साधारण एक वर्ष असा जुना अंदाज आहे. जात आणि हवा यांप्रमाणे तो बराच मागेपुढे होतो, म्हणून कॅलेंडर बघण्यापेक्षा एक खुणेची फळी दर महिन्याला तोला. वजन उतरायचं थांबलं की बाहेरच्या हवेत ती जेवढी वाळायची तेवढी वाळली. एवढ्याने ती घरातल्या फर्निचरजोगी झाली असं नाही, कारण खोलीतली हवा बहुधा बाहेरच्यापेक्षा कोरडी असते. रंध्याला लावण्याआधी माल काही आठवडे आत, पट्ट्यांवरच ठेवावा आणि पुन्हा तोलावा.

वजनाचे आकडे आणि त्या चकतीचे तुकडे समोर ठेवल्यावर वखारवाल्याने उरलेली फळी परत घेतली आणि फळ्यांचे पैसे दिले. टेबलाची मजुरी मात्र बुडाली. ग्राहकाला मी दुसरं टेबल करून देतोय. नव्या फळ्यांच्या मध्यावर ओलावा १२ टक्के भरला आहे. त्या फाडून पट्ट्यांवर ठेवल्या आहेत आणि त्यांचं वजन स्थिर झाल्याखेरीज त्यांना रंधा लागणार नाही, हे ग्राहकाला सांगून ठेवलं आहे.