गुडविलचे तीन लाख: हातात द्यायचे, फर्ममध्ये आणायचे की खात्यातून वळते करायचे?

नागपूरच्या गांधीबागेतल्या ठोक कापडाच्या एका फर्ममध्ये चौथा हिस्सा घेऊ पाहणारा पोरगा माझ्याकडे आला. त्याचा पहिलाच प्रश्न होता, "काका, मी पंधरा लाख भांडवल आणतोच आहे. वर गुडविल म्हणून, म्हणजे फर्मच्या जमलेल्या नावाचे, आणखी तीन लाख काहून द्यावे?" दोन्ही जुन्या भागीदारांचा हिशेब मी ठेवतो, तेव्हा त्याला माझ्यावर पूर्ण भरवसा नव्हताच. म्हणून आम्ही आकडेच मांडत बसलो. इथे ते सोयीसाठी गोल केले आहेत.

फर्म शाळांच्या गणवेशाचं कापड विकते. गिऱ्हाईक भंडारा, गोंदिया आणि छिंदवाड्याकडचे दुकानदार. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे वर्षाचा मोठा धंदा मे-जूनमध्ये होतो. भागीदार दोन, नफ्याचं प्रमाण 3:2. गेल्या तीन वर्षांचा नफा 9, 13 आणि 11 लाख. भागीदारांचा पगार आणि कर वजा झालेला आहे, भांडवलावरचं व्याज मात्र अजून दिलेलं नाही.

मधल्या वर्षातल्या 13 लाखांत 3 लाख जुनं गोदाम विकून आलेले होते. ते दरवर्षी येणार नाहीत, म्हणून बाजूला काढले. उरले 30 लाख, म्हणजे सरासरी 10 लाख. फर्ममध्ये गुंतलेलं भांडवल 50 लाख आहे आणि करारनाम्यात त्यावर 12 टक्के व्याज ठरलेलं आहे, म्हणजे 6 लाख. एवढं तर कुठेही पैसा लावला असता तरी अपेक्षित धरता आलं असतं. वरचे 4 लाख मात्र भांडवलामुळे येत नाहीत. छिंदवाड्याचा दुकानदार दुसऱ्या गल्लीत भाव न विचारता इथेच येतो, गिरणी इथे उधारीवर माल पाठवते, त्याचे ते 4 लाख. यालाच पुस्तकात अधिलाभ म्हणतात. बाजारात अशा धंद्याला तीन वर्षांचा अधिलाभ मोजायचं ठरलं, म्हणून फर्मचं गुडविल 12 लाख आणि चौथ्या हिश्श्याचं 3 लाख.

आता त्याच्या प्रश्नाचं उत्तर. पंधरा लाखांवर त्याला 12 टक्के व्याज मिळेलच, त्याबद्दल कोणी काही मागत नाही. पण वरच्या 4 लाखांतले 1 लाख पहिल्या वर्षापासून त्याच्या खात्यात जमा होतील आणि ते लाख जुन्यांच्या हिश्श्यातून निघतील. हे गिऱ्हाईक जोडताना तो नव्हता. त्यामुळे तो जे तीन लाख देतो, ती जुन्यांच्या घटलेल्या मिळकतीची तीन वर्षांची भरपाई आहे. ही बक्षिसी नाही की प्रवेश फी नाही.

गोदामाचे 3 लाख न काढता हिशेब केला असता तर सरासरी 11 लाख, अधिलाभ 5 लाख आणि गुडविल 15 लाख झालं असतं. त्याला 75 हजार जास्त द्यावे लागले असते. हिस्सा घेणाऱ्याने आधी नफ्याची फोड मागावी, गुणाकार मग बघावा.

पण खरा घोळ ही रक्कम वाटताना झाला. थोरले म्हणाले, "आमचं प्रमाण 3:2 आहे, तर मला 1 लाख 80 हजार, धाकट्याला 1 लाख 20 हजार." ऐकायला सरळ वाटतं. पण नवं प्रमाण 2:1:1 ठरलं होतं. वसुलीचे दौरे आता नवा पोरगा करणार, म्हणून धाकट्याने आपला हिस्सा जास्त सोडला होता. थोरल्याचा हिस्सा 60 टक्क्यांवरून 50 वर आला, दहा टक्के कमी. धाकट्याचा 40 वरून 25 वर आला, पंधरा टक्के कमी. त्यागाचं प्रमाण झालं 2:3. म्हणजे थोरल्याला 1 लाख 20 हजार आणि धाकट्याला 1 लाख 80 हजार, बरोबर उलट.

अधिलाभावरून पडताळून पाहा. आधी थोरल्याला 4 लाखांतून 2.40 मिळत होते, आता 2 मिळतील. धाकट्याला 1.60 मिळत होते, आता 1 मिळेल. वर्षाचा तोटा 40 हजार आणि 60 हजार, त्याला तीनने गुणा. जुन्या प्रमाणात वाटलं असतं तर धाकट्याचे 60 हजार गेले असते आणि त्याला कळलंही नसतं. थोरले थोडे नाराज झाले, पण कागद पाहिल्यावर म्हणाले, "मग तसंच करा." धाकटा थोरल्यांपुढे तोंड उघडत नाही. असे धाकटे इतवारी-गांधीबागेत पुष्कळ आहेत.

रक्कम आणि वाटणी ठरल्यावर ती द्यायची कशी हा प्रश्न उरतो. तीनच रस्ते व्यवहारात कामाचे आहेत.

पहिला, हातोहात. नवा भागीदार जुन्यांना परस्पर पैसे देतो. फर्मच्या कीर्दीत एक ओळ पडत नाही, बँकेच्या खात्याला धक्का लागत नाही. ज्यांना पैसा घरी न्यायचा आहे, मुलीचं लग्न किंवा फ्लॅटचा हप्ता आहे, त्यांना हे आवडतं. तोटा नव्याचा. सात-आठ वर्षांनी तो बाहेर पडायला निघाला की "मी गुडविल दिलं होतं, आता माझ्या हिश्श्याचं द्या" हे सिद्ध करायला त्याच्याकडे वह्यांत काहीच नसतं. शिवाय इथे दोन्ही रकमा प्रत्येकी दोन लाखांच्या आत आहेत, त्यामुळे रोखीने उरकून टाकायचा मोह होतो, कारण आयकर कायद्याची दोन लाख रोखीची मर्यादा आड येत नाही. तरी चेकनेच द्या, आणि कोणाला किती दिले ते नव्या करारनाम्यात लिहा. हे दोन्ही करणार असाल तर हा रस्ता वाईट नाही.

दुसरा, फर्ममध्ये आणायचे. तीन लाख फर्मच्या बँक खात्यात येतात आणि थोरल्याच्या भांडवल खात्यात 1.20, धाकट्याच्या 1.80 जमा होतात. पुढे ते हवे तर उचलतात, हवे तर ठेवतात. पुरावा आपोआप तयार होतो. पण नव्याने एक गोष्ट विचारून घ्यावी: जुने ते पैसे उचलणार आहेत की नाही? ठेवले तर त्यावर 12 टक्क्यांनी 36 हजार व्याज दरवर्षी फर्म देणार, आणि नफ्यातून जाणाऱ्या त्या रकमेतले 9 हजार नव्याच्या वाट्यातून जाणार. त्या पैशाने फर्मने बँकेच्या कॅश क्रेडिटचं कर्ज फेडलं किंवा मार्चमध्ये गिरणीचा माल रोखीने, सूट घेऊन उचलला तर हा भार भरून निघतो. नुसते पडून राहिले तर नाही. आमच्या फर्मला मार्चमध्येच पैशाची ओढ असते, म्हणून मला हा रस्ता बरा वाटला.

तिसरा, रोख न आणता खात्यातून वळतं करायचं. नव्याचं खातं तीन लाखांनी नावे, जुन्यांची खाती तेवढ्याच रकमेने जमा. ज्याच्याकडे पंधरा लाखांपलीकडे काही नाही त्याला हा दिलासा. पण नावे कुठे टाकलं यावर सगळं अवलंबून आहे. भांडवल खात्यात टाकलं तर त्याचे पंधरा लाख बारा होतात आणि वर्षाला 36 हजार व्याज बुडतं. त्याच तीन लाखांची त्याने सात टक्क्यांची एफडी ठेवली असेल तर तिकडून 21 हजार मिळतात, म्हणजे न देण्याची किंमत वर्षाला 15 हजार. फर्ममधल्या त्याच्या चालू खात्यात टाकलं, आणि करारनाम्यात चालू खात्याच्या येण्यावर व्याज लिहिलेलं नसेल, तर उलटं होतं: नव्याला बिनव्याजी उधारी मिळते आणि जुने वर्षाला लाख-लाख करून तीन वर्षं वसुली करत बसतात. मधेच तो निघून गेला तर उरलेली रक्कम कोण देणार, हे कलम लिहिल्याशिवाय जुन्यांनी याला हो म्हणू नये.

काही जण अजून 12 लाखांचं गुडविल ताळेबंदात उभं करून मग बुडीत काढतात. जुन्यांना 7.20 आणि 4.80 जमा, मग नव्या प्रमाणात 6, 3 आणि 3 नावे. फरक तोच येतो: थोरल्याला 1.20, धाकट्याला 1.80, नव्याचे तीन वजा. पडताळणीसाठी ठीक आहे. पण स्वतः कमावलेलं गुडविल मालमत्ता म्हणून वह्यांत ठेवायला लेखा मानक 26 मान्यता देत नाही, आणि 2021 च्या वित्त कायद्यापासून गुडविलवर घसाराही मिळत नाही. मग ताळेबंदात फुगवटा कशाला?

तीन वर्षं की दोन, यावर भांडायला मात्र जागा आहे. आमच्याकडे गुडविल प्राण्यांवरून समजावतात: मांजर घर सोडत नाही, कुत्रं धन्यामागे जातं. दुकानाच्या जागेमुळे येणारं गिऱ्हाईक मांजरासारखं, ते फर्मकडेच राहतं. थोरल्यांच्या तोंडाकडे पाहून येणारं गिऱ्हाईक कुत्र्यासारखं, ते त्यांच्याबरोबर जाईल. आम्ही मागच्या वर्षीचं विक्री खातं काढलं. थोरले एप्रिलपासून दीड महिना आजारी होते, तरी नेहमीच्या दुकानदारांच्या ऑर्डर थांबल्या नव्हत्या. म्हणून तीन वर्षं मान्य केली. त्या दीड महिन्यात खातं सुकलं असतं तर मी एकाच वर्षावर अडून बसलो असतो. दुकानाची पागडी कोणाच्या नावावर आहे तेही पाहिलं. ती फर्मच्या नावावर होती. थोरल्यांच्या एकट्याच्या नावावर असती तर जागेचं गुडविल फर्मचं नव्हतंच.

नव्या भागीदाराच्या बाजूने कायदा एक गोष्ट करतो. 1932 च्या भागीदारी कायद्याच्या कलम 31 प्रमाणे करारात वेगळं ठरलं नसेल तर तो येण्यासाठी सगळ्या भागीदारांची संमती लागते, पण तो येण्याआधी फर्मने केलेल्या कृतींची जबाबदारी त्याच्यावर येत नाही. गिरणीची जुनी उधारी त्याच्या अंगावर नाही. म्हणून गोदामाची वाढलेली किंमत किंवा बुडालेली येणी आधी पुनर्मूल्यांकन खात्यातून जुन्यांमध्ये 3:2 नेच वाटून घ्यावी. ती गुडविलच्या 12 लाखांत मिसळली की नव्याला एकाच गोष्टीचे दोनदा पैसे पडतात.

शेवटी पोराने दुसरा रस्ता घेतला. तीन लाख मार्चच्या पहिल्या आठवड्यात फर्मच्या खात्यात आले, थोरल्यांनी आपले 1.20 उचलले, धाकट्याने 1.80 ठेवले आणि त्यावर सप्टेंबरपर्यंत व्याज न घेण्याचं मान्य केलं. ते कलम पोरानेच सुचवलं, आणि मी दुसऱ्या दिवशी करारनाम्यात टाकलं.