फराळाच्या पत्रकासाठी कॅनव्हाचं कोणतं टेम्प्लेट: फोटोचं की दरपत्रकाचं?

डोंबिवलीची माझी मावशी दिवाळीत ऑर्डरवर फराळ करून देते. व्हॉट्सॲपवर पाठवायच्या पत्रकासाठी तिने कॅनव्हावर दोन टेम्प्लेट्स निवडली आणि मला विचारलं, "यातलं कुठलं घेऊ गं? मला त्यातलं डिझाइन-बिझाइन काही कळत नाही." मी दोन्हींत तोच मजकूर भरून पाहिला. दिसायला जे जास्त देखणं होतं, ते आधी मोडलं.

पहिल्या टेम्प्लेटमध्ये मोठा फोटो होता. त्यावर बारीक अक्षरांत, मोकळं अंतर सोडून लिहिलेलं कॅपिटलमधलं इंग्रजी शीर्षक आणि खाली फक्त दोन ओळी. दुसरं टेम्प्लेट कॅफेच्या मेन्यूचं, साधंच. वर शीर्षक, खाली डावीकडे पदार्थांची नावं आणि उजवीकडे दर. मावशीचा मजकूर असा: "घरगुती दिवाळी फराळ, ऑर्डर सुरू", सहा पदार्थ, त्यांचे दर, ऑर्डरची शेवटची तारीख, फोन नंबर आणि "निम्मी रक्कम ॲडव्हान्स".

निवड करण्याआधी आपला मजकूर साध्या कागदावर लिहून त्याचे तुकडे मोजावेत. टेम्प्लेटमध्ये तितक्याच मजकुराच्या चौकटी आहेत का, ते बघावं. फोटोच्या टेम्प्लेटमध्ये तीन चौकटी होत्या आणि मावशीचे तुकडे सोळा. सहा पदार्थ त्यात बसवायचे तर फोटोवर नव्या चौकटी टाकाव्या लागतात, आणि तिथेच मांडणी मोडते. कारण ती मांडणी फोटोभोवतीच्या मोकळ्या जागेवर उभी असते. मेन्यूच्या टेम्प्लेटमध्ये आठ पदार्थांची जागा होती. दोन ओळी पुसून टाकल्या की काम झालं. टेम्प्लेटमधून मजकूर कमी करणं सोपं असतं, वाढवणं अवघड.

मराठी मजकूर घालताना

दोन्ही टेम्प्लेट्स मुळात इंग्रजीसाठी बनलेली असल्यामुळे मराठी घातल्यावर दोन्हींत त्याच अडचणी आल्या. फोटोच्या टेम्प्लेटमध्ये त्या जास्त ठळक दिसल्या, इतकंच.

पहिली अडचण अक्षरांमधल्या अंतराची. इंग्रजी कॅपिटल अक्षरं ऐटदार दिसावीत म्हणून टेम्प्लेट बनवणारे Letter spacing पुष्कळ वाढवून ठेवतात. मराठीत मात्र अक्षरं शिरोरेषेने जोडलेली असतात. अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि "दिवाळी" हा शब्द "दि वा ळी" असा विखुरलेला दिसतो. मजकूर निवडून वरच्या पट्टीतल्या Spacing वर जायचं आणि Letter spacing शून्यावर आणायचं. Effects मधल्या Curve नेसुद्धा शिरोरेषा अशीच तुटते, म्हणून गोलाकार शीर्षकाचं टेम्प्लेट मराठीसाठी घेऊच नये.

दुसरी अडचण ओळींमधल्या अंतराची. इंग्रजी कॅपिटल अक्षरांना खाली शेपूट नसतं आणि वर काही चिन्हही नसतं, त्यामुळे तिथे Line spacing १ किंवा त्याहूनही कमी चालतं. मावशीच्या शीर्षकात वरच्या ओळीत "घरगुती" आणि खालच्या ओळीत "ऑर्डर" होतं. "गु"चा उकार थेट "ऑ"च्या चंद्रावर येऊन बसला. अंतर १.३ केल्यावर दोन्ही मोकळे झाले, पण शीर्षकाची चौकट खाली वाढली. मेन्यूच्या टेम्प्लेटमध्ये शीर्षकाखाली रिकामी पट्टी होती, तिथे ते सामावलं. फोटोच्या टेम्प्लेटमध्ये मात्र शीर्षक खालच्या ओळीवर चढलं. Spacing मध्येच चौकट वरून, मधून की खालून धरून ठेवायची याचा पर्याय असतो. खालून धरली की मजकूर वरच्या बाजूला वाढतो. तो पर्याय वापरला, तर मग अक्षरं फोटोतल्या लाडवांवर आली.

चौकटीचा आकार बदलताना कोपरा ओढला की अक्षरं लहानमोठी होतात. बाजूची मधली कडा ओढली की अक्षरांचा आकार तोच राहतो आणि फक्त ओळ कुठे तुटते ते बदलतं. नवखा माणूस बहुतेक वेळा कोपरा ओढतो. मग एका पदार्थाचं नाव २४ आकारात, दुसऱ्याचं २१.६ मध्ये, तिसऱ्याचं २२.३ मध्ये अशी गत होते. आकाराच्या चौकोनात असे दशांश दिसले की समजावं, कोपरा ओढला गेला आहे. तिथे हाताने पूर्ण आकडा टाइप करावा.

मेन्यूच्या टेम्प्लेटमध्येही एक खोच निघाली. सगळी नावं एका चौकटीत आणि सगळे दर दुसऱ्या चौकटीत होते. "भाजणीची चकली, अर्धा किलो" ही ओळ मोडून दोन ओळींची झाली आणि तिच्याखालचे सगळे दर एक घर वर सरकले. शंकरपाळ्यांच्या समोर चिवड्याचा दर आला. गिऱ्हाईकाने तो वाचून ऑर्डर दिली असती तर मावशीचं नुकसान झालं असतं. अक्षरं लहान करून हे सुटतं, पण मग मोबाइलवर वाचवत नाही. आम्ही "अर्धा किलो" प्रत्येक ओळीतून काढलं आणि यादीच्या वर एकदाच "सर्व दर अर्ध्या किलोचे" असं लिहिलं. ओळी एकेरी झाल्या आणि दर आपापल्या जागी आले.

फॉन्ट: Styles ने एका झटक्यात, की आपल्या हाताने?

Design मधल्या Styles मध्ये रंगांचे आणि फॉन्टचे तयार संच असतात. एका क्लिकवर पूर्ण पान बदलतं. इंग्रजी मजकुरासाठी ही सोय उत्तम आहे. मराठीसाठी तिथले फॉन्टचे संच मी टाळते, कारण त्यातले बरेच फॉन्ट देवनागरीचे नसतातच. अशा वेळी कॅनव्हा मराठी अक्षरं दुसऱ्याच कुठल्या तरी फॉन्टमधून दाखवतं. ओळखायचं कसं? मराठी शीर्षक निवडून आधी Playfair Display लावा, मग Bebas Neue. इंग्रजीत हे दोन फॉन्ट एकमेकांच्या जवळपासही दिसत नाहीत. मराठी अक्षरं दोन्ही वेळा जशीच्या तशी राहतात, म्हणजे ती त्या फॉन्टमधली नाहीतच.

म्हणून फॉन्ट हाताने बदलणं बरं, आणि त्यातही दोनच घ्यावेत. आम्ही शीर्षकाला Baloo घेतला आणि बाकी सगळ्याला Mukta. दोन्ही मुंबईच्या एक टाइप या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचे आहेत आणि देवनागरी लक्षात घेऊनच काढलेले आहेत. एका ठिकाणी फॉन्ट बदलला की बाजूच्या पट्टीच्या तळाशी Change all येतं. ते दाबलं की जुना फॉन्ट जिथे जिथे होता तिथे नवा लागतो. फॉन्ट पक्का करण्याआधी "ॲडव्हान्स", "ऑर्डर", "पुऱ्या" आणि "शंकरपाळ्या" हे चार शब्द त्यात लिहून पाहावेत. काही फॉन्टमध्ये "ॲ" नसतो आणि तेवढं एकच अक्षर वेगळ्या जाडीचं दिसतं. "ऱ्या"ही नीट जुळलेला दिसायला हवा.

मजकूर जुन्या डीटीपी फाइलमधून, म्हणजे कृतिदेव किंवा श्रीलिपीमधून आणलेला असेल तर कॅनव्हात नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं उमटतात. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, नाहीतर नव्याने टाइप करावा.

रंग

रंगांसाठी Styles मधल्या पॅलेट वापरायला हरकत नाही. मात्र कुठला रंग कुठे जाईल हे आपल्या हातात राहत नाही. पुन्हा क्लिक केलं की त्याच रंगांची जागा बदलते, आणि एखाद्या क्लिकला दर पार्श्वभूमीत बुडून जातात. Change all ने एकेक रंग बदलायला पाच मिनिटं जास्त लागतात, पण कोणता रंग कुठे जाणार हे आपण ठरवतो. मावशीसारख्या तीन-चार रंगांच्या पत्रकाला मी हाच रस्ता सांगेन.

मावशीला भगवी पार्श्वभूमी आणि पांढरी अक्षरं हवी होती. #FF9933 या भगव्यावर पांढऱ्या अक्षरांचं कॉन्ट्रास्ट गुणोत्तर जेमतेम २.१ येतं. वाचनीयतेचे जे मापदंड वेबसाठी वापरतात, त्यांत साध्या आकाराच्या मजकुराला किमान ४.५ लागतं. त्याच भगव्यावर #800000 हा मरून घेतला की गुणोत्तर ५.१ होतं. मग पार्श्वभूमी भगवी राहिली, अक्षरं मरून झाली आणि पांढरा रंग फक्त मरून पट्टीवरच्या फोन नंबरला दिला.

Change all वापरूनही जुना रंग कुठे कुठे उरतो. त्याची दोन कारणं असतात. एक तर तो हुबेहूब तोच रंग नसतो, #FFFFFF आणि #FFFDF8 डोळ्यांना सारखेच दिसतात पण कॅनव्हासाठी वेगळे. किंवा ती वस्तू म्हणजे चित्र असतं. तोरण किंवा पणती निवडल्यावर वरच्या पट्टीत रंगाचा चौकोन आला तर ती रंगवता येते. नाही आला तर तिचा रंग तोच राहणार, आणि बाकीचे रंग तिच्याशी जुळवून घ्यावे लागणार. फोटोच्या टेम्प्लेटमध्ये सगळी शान फोटोचीच होती, आणि तो फोटो गुलाबी डोनटचा! तो बदलून मावशीच्या चकल्यांचा फोटो टाकला तर शीर्षकाच्या जागी फोटोतलं स्टीलचं ताट आलं.

एक चूक माझ्या हातून झाली ती सांगते. मूळ टेम्प्लेट हाताशी राहावं म्हणून मी त्याच फाइलमध्ये पानाची प्रत काढून दुसऱ्या पानावर काम केलं. Change all सगळ्या पानांना लागू होतं, त्यामुळे पहिलं पानही भगवं झालं. मूळ जपायचं असेल तर File मधल्या Make a copy ने वेगळी फाइलच करावी. आणि ज्या वस्तू हलवायच्या नाहीत, म्हणजे चौकट, नक्षी, पार्श्वभूमीची पट्टी, त्यांना सुरुवातीलाच कुलूप लावावं. ते Alt + Shift + L ने लागतं.

फोटोचं टेम्प्लेट टाकाऊ आहे असं नाही. "ऑर्डर सुरू", तारीख आणि नंबर एवढंच सांगायचं असेल, आणि हाताशी एका बाजूला रिकामी जागा असलेला चांगला फोटो असेल, तर व्हॉट्सॲप स्टेटसला तेच उठून दिसेल. थेट मराठी किंवा हिंदी टेम्प्लेट शोधलं तर अंतरं आधीच नीट लावलेली मिळतात, पण आमच्या शोधात त्यांची नक्षी बहुतेक न रंगवता येणारी निघाली, आणि काहींवर पैसे भरायच्या मुकुटाची खूण होती.

मावशीने मेन्यूचंच घेतलं. आता दर बदलले की ती फक्त उजवीकडची चौकट उघडते आणि आकडे बदलते. बाकी सगळ्याला कुलूप आहे.